ए टू झेड, हजार फ्रेझल व्हर्ब

खांदा कॉलनीत पहिल्या मजल्यावर इंग्रजीचा क्लास चालवणाऱ्या सरांनी मला फसवलं. माझ्या मुलीला त्याहून जास्त फसवलं, कारण माझी फक्त फी गेली, तिची मिळायची नोकरी हुकली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की मी दोन्ही बाजू मांडायला बसलोय.

माझं रोडपालीला हार्डवेअरचं दुकान आहे. बाप दुसऱ्याच्या मिठागरावर राबला. आमच्या गावातल्या ज्यांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या त्यांना मोबदला मिळाला, त्यांच्या पोरांनी गाड्या घेतल्या आणि गाड्यांच्या काचांवर आपल्या आजोबांची नावं लिहिली. आमच्या नावावर जमीनच नव्हती, त्यामुळे मोबदल्याचा प्रश्न आला नाही. मी कळंबोलीच्या बांधकामांवर सायकलवरून कड्या आणि बिजागऱ्या विकत फिरलो आणि पुढे गाळा घेतला. भाव केल्याशिवाय मी देवळाबाहेरचा नारळसुद्धा घेत नाही. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोक उधारी मागायला येतात तेव्हा म्हणतात.

विमानतळ उभा राहायला लागला तसे पनवेलमध्ये इंग्रजीचे क्लास उगवले. पूर्वी जिथे झेरॉक्सची दुकानं होती तिथे ग्राउंड स्टाफ घडवायला लागले. माझी मुलगी बी.कॉम. झालेली. तिला विमानतळावर काउंटरवरची नोकरी हवी होती, प्रवाशांचं सामान घेणं, बोर्डिंग पास देणं, तक्रारी ऐकणं. घरापासून इतक्या जवळ अशी नोकरी आमच्या घराण्यात कुणाला मिळाली नव्हती. तिचं इंग्रजी वाचायला ठीक होतं, बोलायला लागली की अडायचं. म्हणून आम्ही सरांकडे गेलो.

सर मे महिन्यात कोट घालून बसले होते. त्यांनी आम्हाला समजावलं की इंग्रज माणूस साधं क्रियापद घेतो, त्याला अप, डाउन, ऑफ, आउट असला एखादा शब्द चिकटवतो आणि दोन्ही मिळून तिसराच अर्थ तयार होतो. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर, पण गिव्ह अप म्हणजे नाद सोडणे. याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात आणि बोलण्यात पावलोपावली हेच लागतात. हे सगळं खरं आहे. फसवणाऱ्या माणसाची पहिली चार वाक्यं नेहमी खरी असतात.

मग त्यांनी पुस्तक पुढे केलं. पाचशे फ्रेझल व्हर्ब, ए टू झेड. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ. मी विचारलं, पाचशेच का? ते म्हणाले, हजारांचा ॲडव्हान्स कोर्स आहे, त्याची फी वेगळी. मी उठलो. मुलीला चल म्हणालो आणि जिन्यापर्यंत गेलो. सौद्यात जिन्यापर्यंत जावंच लागतं, त्याशिवाय समोरच्याला आपली किंमत कळत नाही. सरांनी शिपायाला पाठवून परत बोलावलं. पाचशेंच्या फीमध्ये हजार ठरले, वर प्लास्टिकची फाइल फुकट. मी खूश होऊन घरी आलो.

बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी पोरीला शिकवाया गेलावता का खिळं इकत घ्यायला?"

मी तिला म्हणालो, तुला व्यवहारातलं कळत नाही. 

क्लास असा चालायचा. रोज एक पान पाठ करायचं. दुसऱ्या दिवशी उभं राहून म्हणायचं, पाढे म्हणतात तसं. सर टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे. पुट असाइड, पुट अवे, पुट बॅक, पुट डाउन, पुट ऑफ, पुट ऑन, पुट आउट. तीस मुलांच्या आवाजाने खालच्या मेडिकलवाल्याला गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू यायचं नाही. शनिवारी परीक्षा. परीक्षेत रिकाम्या जागा भरायच्या आणि त्या जागासुद्धा पुस्तकातल्याच क्रमाने. म्हणजे सातव्या वाक्यात सातवा शब्द. वाक्य वाचायची गरजच नाही. मुलीने मला हे हसत हसत सांगितलं तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही, कारण मार्क पैकीच्या पैकी येत होते.

घरी मी तिची उजळणी घ्यायचो. मला इंग्रजी अक्षरं येतात, बिलं वाचून आली. मी पुस्तक उघडून नुसतं "बी" म्हणायचो, की ही कणीक मळता मळता बी संपवून सीमध्ये शिरायची. सरांनी पाठांतराची स्पर्धा घेतली त्यात तिला ढाल मिळाली. ढाल मी दुकानात गल्ल्यामागे लावली. हजार ठरले होते, हजार मिळाले. माल पोचला असं मी समजलो.

मुलाखत पनवेलमधल्याच एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. मुलगी बाहेर आली तेव्हा रडत नव्हती, त्यामुळे मला वाटलं काम झालं. घरी आल्यावर तिने आईला सांगितलं, मी बाहेरच्या खोलीतून ऐकलं.

मुलाखत घेणाऱ्या बाई स्वतः प्रवासी झाल्या होत्या. विमानाला उशीर झालाय, पुढचं विमान चुकणार, बॅग कुठे आहे पत्ता नाही, आणि तू काउंटरवर उभी आहेस. बोल. मुलीला सांगायचं होतं, मी चौकशी करते. त्याला लुक इंटू म्हणतात हे तिला पाठ होतं. पण ते तिच्या डोक्यात एकटं राहतच नव्हतं. लुक म्हटल्यावर लुक आफ्टर, लुक ॲट, लुक बॅक, लुक डाउन ऑन, लुक फॉर, लुक फॉरवर्ड टू असं सगळं दार अडवून उभं. त्या सगळ्यांना बाजूला सारून ती लुक इंटूपर्यंत पोचली तोवर बाई तिसऱ्या प्रश्नावर होत्या. तिथे पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात. शेवटी बाईंनीच तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, तुला शब्द येतात बेटा, पण तू ते शोधत बसतेस.

मी त्याच संध्याकाळी क्लासवर गेलो. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, तो शांतपणाच मला आधी झोंबला. ते म्हणाले, लुकवर अडली म्हणजे एल कच्चा राहिलाय. रिपीटर बॅच सुरू होतेय, सवलतीत बसवतो. माझी मुलगी रस्त्यावर पडली असती तर या माणसाने रस्त्याचं पहिलं अक्षर विचारलं असतं. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. खालचा मेडिकलवाला वर आला एवढं सांगतो.

नंतर बरेच दिवस मुलगी दुकानात येऊन बसायला लागली. घरात आत्या-मावश्यांचे फोन यायचे, काय झालं मुलाखतीचं, म्हणून. दुकानात कुणी विचारत नाही. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं आणि ती पुस्तक काढून पुन्हा एल वाचत होती. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, बंद कर ते. ती म्हणाली, मग काय करू, दुसरं आहे काय माझ्याकडे?

मी तिला उठवलं आणि नळाच्या सामानापुढे उभं केलं. म्हणालो, नळ गळतोय म्हणून माणूस आला तर त्याला काय लागतं? ती दुकानात वाढलेली, तिने सांगितलं, नळ, टेप, वॉशर, पाना. सगळं हाताच्या अंतरावर. मी म्हणालो, हेच मी अक्षरांप्रमाणे लावलं असतं तर? टेप ट मध्ये, त्याच्या शेजारी टिकाव. नळ न मध्ये. पाना प मध्ये, त्याच्या शेजारी पत्रा. वॉशर त्या टोकाला. माझ्याकडे माल तेवढाच असता आणि गिऱ्हाईक माझ्या तोंडावर थुंकून शेजारी गेलं असतं. तुझ्या सरांनी तुला माल दिलाय, आणि तो असा लावून दिलाय.

तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "पप्पा, हजार तुम्हीच मागितले होते."

मी म्हणालो, मागितले होते. पण माल मांडायचं काम विकणाऱ्याचं असतं.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे, पुढचं सगळं मुलीने केलं, मी नाही. मी नुसती मांडणी ओरडून सांगितली. कामाला ती लागली. रोडपालीच्या टॉवरांमध्ये आता देशभरातले लोक राहतात आणि सामानासाठी दुकानात फोन केला की इंग्रजीतच बोलतात. ते फोन मी टाळायचो किंवा हो-हो करून चुकीचा माल पाठवायचो. तिने फोन आपल्याकडे घेतला. आठवडाभरात तिच्या लक्षात आलं की हे लोक तेच तेच दहा-बारा शब्द वापरतात. पडद्याचा रॉड लावायचाय, पुट अप. पाणी बंद करायचंय, टर्न ऑफ. माल संपलाय, रन आउट. सामान गेटवर ठेवा, ड्रॉप ऑफ. चुकीचं आलंय, परत पाठवतोय, सेंड बॅक. पुस्तकात हे शब्द पन्नास-पन्नास पानांच्या अंतरावर होते. इथे एकाच फोनमध्ये एकामागून एक येत होते, आणि एक आला की पुढचा आपोआप सुचत होता.

मग तिने विमानतळाचं तसंच केलं. आधी प्रसंग, नंतर शब्द. प्रवासी काउंटरवर येतो तेव्हा काय काय होतं? चेक इन, फॉर्म फिल इन, बॅग हँड ओव्हर. विमानाला उशीर झाला तर? होल्ड अप म्हणजे अडकणं, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, कॉल ऑफ म्हणजे रद्द. माणूस चिडला तर? काम डाउन म्हणजे शांत व्हा, मग लुक इंटू, सॉर्ट आउट म्हणजे निस्तरणं, गेट बॅक टू म्हणजे चौकशी करून पुन्हा कळवणं. एका वेळी सहा-सातच, आणि एकही शब्द सुटा नाही. प्रत्येकाला पूर्ण वाक्य, आणि वाक्यात कोण कुणाला म्हणतंय ते ठरलेलं. दोन-तीन दिवसांनी जुने पुन्हा काढायचे, पण वेगळ्या भांडणात.

चुका झाल्याच. सुरुवातीला तिने उलट अर्थाच्या जोड्या एकाच दिवशी घेतल्या, पुट ऑन आणि टेक ऑफ, चेक इन आणि चेक आउट. दुसऱ्या दिवशी बूट घाला म्हणायच्या ऐवजी काढा म्हणाली. तेव्हापासून एक पक्का झाल्याशिवाय त्याचा उलटा घ्यायचा नाही असं ठरलं. आणि टेक ऑफचं आणखी एक. पुस्तकात त्याच्यापुढे एकच अर्थ होता, विमान उडणे. तपासणीच्या रांगेत प्रवाशाला पट्टा काढायला सांगतात तेही टेक ऑफच, हे हजारांत कुठेच नव्हतं, तो अर्थ तिने बाहेरून मिळवला होता. म्हणजे हजारसुद्धा धड हजार नव्हते. हँड ओव्हरमध्येही तसंच. बॅग म्हणायचं असेल तर ती ओव्हरच्या आधी आली काय नि नंतर आली काय, चालतं, पण बॅगच्या जागी इट म्हटलं की ते मधेच बसतं, हँड इट ओव्हर. हे तिने मोबाइलवर विमानतळांवरचे व्हिडिओ बघता बघता, लोक प्रत्यक्ष बोलताना ऐकून पकडलं. यादीला मधली जागाच नसते.

चिडलेल्या प्रवाशाचं काम माझ्याकडे होतं. दुकान बंद करायच्या आधी मी काउंटरच्या बाहेर उभा राहायचो, ती आत. मी मराठीत भांडायचो, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी ती हसत सुटली. मी म्हणालो, हसतेस काय, माझी बॅग कुठं हाय ते सांग. मी आवाज चढवला की माझी गावाकडची भाषा वर येते. शेजारचा रंगवाला दोनदा धावत आला, त्याला वाटलं खरंच भांडण लागलंय. मला अभिनय करावा लागत नव्हता. सरांचा कोट डोळ्यासमोर आणला की पुरायचं.

बायको एकदा डबा घेऊन आली, बराच वेळ ऐकत उभी राहिली आणि मुलीला म्हणाली, "ह्यांना गप करशील तर इमानतलावं कोनालाबी गप करशील."

पुढच्या भरतीत तेच झालं. माणूस वेगळा होता, प्रसंग तसाच. मुसळधार पावसामुळे विमान रद्द, समोर आरडाओरडा करणारा प्रवासी. मुलीने सांगितलं की तिला शब्द शोधावे लागलेच नाहीत, तिला फक्त मी दिसलो. ती म्हणाली, आय'ल लुक इंटू इट अँड गेट बॅक टू यू, आणि मुलाखत घेणारा खुर्चीत मागे टेकला. आता ती गणवेश घालून जाते. पाय दुखतात, शिफ्टचा धरबंध नाही, प्रवासी वाटेल ते बोलतात. पण नोकरी तिची आहे, आणि ती तिने कशी मिळवली हे आमच्या दुकानातल्या पान्यांना आणि वॉशरांना माहीत आहे.

इथे हे संपलं असतं. मी फीवर पाणी सोडलं होतं. पण दिवाळीच्या सुमाराला खांदा कॉलनीच्या सिग्नलवर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर माझी मुलगी, गणवेशात, तिच्या मोबाइलच्या स्टेटसवरून कुणीतरी उचललेला फोटो. शेजारी सर, कोटात. खाली लिहिलेलं, आमची गुणवंत विद्यार्थिनी, हजार फ्रेझल व्हर्ब मुखोद्गत, नवीन बॅच सुरू.

मुलगी म्हणाली, जाऊ द्या पप्पा. तिच्या मैत्रिणीची धाकटी बहीण तो फ्लेक्स बघून क्लासला नाव घालून आली होती. ते कळल्यावर ती जाऊ द्या म्हणायची थांबली. म्हणाली, माझं तोंड दाखवून तिला तेच पुस्तक विकणार ते. फोटो उतरवायला सांगा.

मी गेलो तेव्हा नव्या बॅचच्या पालकांना चहा चालला होता. कोन, रोडपाली, आमच्या बाजूच्या गावांतले लोक. मला पाहून सरांनी ओळख करून दिली, हे त्या मुलीचे वडील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, टाळ्या राहू द्या, आधी फोटो उतरवा. सर हसले. म्हणाले, ती आमच्याकडे शिकली हे खोटं आहे का? शब्द तर आमच्याच यादीतले ना? पाया आम्ही घातला.

मी म्हणालो, "सर, मी सिमेंट विकतो. माझ्या दुकानातून गोणी नेली म्हणून लोकांची घरं मी बांधली असं मी बोर्डावर लिहीत नाही."

दोघं-तिघं हसले. सरांचा चेहरा उतरला, मग ते जे बोलले ते त्यांनी बरेच दिवस जपून ठेवलेलं असावं. म्हणाले, तुम्हीच जिन्यापर्यंत जाऊन पाचशेचे हजार करून घेतले होते. गिऱ्हाईक जे मागतं ते आम्ही देतो.

ते खरं होतं, आणि पालक माझ्याकडे बघायला लागले. मी घासाघीस केली. मला वाटलं भाषा वजनावर मिळते. पण मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस आहे, आणि ते सर आहेत. माझ्याकडे कुणी गळक्या नळासाठी पाच किलो खिळे मागितले तर मी आधी विचारतो, कशाला हवेत? मग मी त्यांना एकच गोष्ट विचारली. तुम्ही इतकं इंग्रजी बोलता, तुम्ही स्वतः ही यादी कधी पाठ केली होती का?

त्यांनी शिपायाला पंखा वाढवायला सांगितला. मी पुन्हा विचारलं, तर म्हणाले, हा प्रश्न इथे उपस्थित होत नाही. म्हणजे नव्हती केली. जो माणूस स्वतः बोलत, ऐकत, चुकत शिकला तो आमच्या मुलांना अक्षरांच्या रांगेत उभं करतो, कारण असं शिकवणं सोपं आहे, मोजायला सोपं आणि विकायला त्याहून सोपं. डस्टर आपटायला इंग्रजी यावं लागत नाही.

फ्लेक्स अजून उतरलेला नाही. मी वकिलाकडे गेलेलो नाही, नगरसेवकाकडेही नाही, कारण फोटो उतरवून माझं भागणार नाही. मी हे लिहून काढलंय आणि त्याच्या प्रती खांदा कॉलनीतल्या प्रत्येक पालकाच्या हातात देणार आहे. सरांनी त्या फ्लेक्सखाली उभं राहून, नवीन बॅचच्या मुलांसमोर सांगावं, माझ्या मुलीला काउंटरवर काय बोलायचं ते त्यांच्या पुस्तकातल्या कुठल्या पानाने शिकवलं? आणि ती यादी कुणाच्याच तोंडी बसत नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं की नव्हतं? माहीत नसेल तर क्लास बंद करा. माहीत असेल तर त्या तीस मुलांच्या आईबापांना तोंड द्या. मी वाट बघतोय, सर. उत्तर द्या.